अठरावा तान्हा पोळा

आमच्या शाळेच्या रजिस्टरात अर्ध्या गावाचा जन्म एक जुलैचा आहे. हसू नका. तुमच्याही गावचं रजिस्टर एकदा उघडून पाहा, मग हसा. जूनच्या शेवटी आया पोरांना हाताला धरून आणायच्या, मी विचारायची, "जन्मतारीख?" आणि उत्तर यायचं, "बाई, तवा तुरी सोंगनं चालू होतं." आता तुरी कापायची इंग्रजी तारीख मी कुठून आणू? मग पोराला म्हणायचं, डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धर. कानाला बोट लागलं की वय पुरं झालं असं समजायचं आणि एक जुलै ठोकून द्यायची. माझ्या आधीचे गुरुजी हेच करायचे, मीही हेच केलं. सगळं गाव एकाच दिवशी जन्मलं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते एकाच पोरीचं. आणि तिची तारीख रजिस्टरात खरी होती.

ती रूपरावांची नलू. आष्टीच्या अलीकडे आमचं गाव, गावाच्या वरच्या अंगाला नाल्याकाठी रूपरावांची वाडी. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकड्या. दर बाजाराला त्यांची बैलबंडी भरून आष्टीला जायची. माणूस कष्टाळू, ताठ, बोलायला कमी. बहात्तर साली नलूला शाळेत घालायला आला तो खिशात चिठ्ठी घेऊन. नर्सबाईच्या हातची, घड्या पडून पिवळी झालेली. तिच्यावर पंधरा सप्टेंबर एकोणीसशे सहासष्ट.

मी म्हटलं, "अरे वा रूपराव, तुम्ही पहिलेच बाप तारीख घेऊन आलेले."

"बाई, माह्यं गुर्जीनं वाटोळं केलं," तो म्हणाला. "माह्या जन्म दिवाळी झाल्यावरचा. गुर्जीनं एक जुलै लावली. पोलीस भरतीले गेलतो तं साहेब म्हने, चार महिने जास्त हाये वय, घरी जा. चार महिने! आता सांभार विकून राह्यलो. माह्या लेकराची तारीख खरी लागली पाह्यजे."

मला त्या माणसाचं मोठं कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू? पुढं कितीतरी वर्षं मी दुसऱ्या बापांना त्याचा दाखला द्यायची.

त्याची बायको आनंदाबाई मागे उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. ती हळूच म्हणाली, "बाई, तान्ह्या पोळ्याची हाये नलू. पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारात आलते आन् इकडं ही झाली."

"पोळ्यानं नोकरी भेटते का?" रूपराव तिच्यावर खेकसला. मी तारीख लिहिली आणि चिठ्ठी त्याला परत दिली.

खरं तर दोघंही खरंच सांगत होते. सहासष्टचा तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा, पंधरा सप्टेंबरलाच होता. पण त्या वर्षी श्रावणात धोंड्याचा महिना आला होता, म्हणून पोळा इतका उशिरा गेला. एरवी तो मागेपुढे होतो. आपले महिने चंद्राच्या चालीनं, सरकारचे सूर्याच्या. कधी तान्हा पोळा ऑगस्टातच उरकतो, कधी सप्टेंबर निम्मा होतो. हे कुणाला माहीत नाही? सगळ्यांना माहीत आहे. पण आनंदाबाईनं लेकीचं वय कॅलेंडरावर कधी मोजलंच नाही. दर तान्ह्या पोळ्याला नलूला न्हाऊ घालायची, ओवाळायची, गुळाचा खडा तोंडात द्यायची आणि म्हणायची, सहा झाले, सात झाले. घरात दुसरी तारीख होती ती रूपरावांच्या पेटीत, कुलपाखाली. पोरीचा वाढदिवस करायची रीत त्या घरात पुरुषांना नव्हती, त्यामुळे ती तारीख कधी बाहेरच आली नाही.

सातवीला मी गणित शिकवायची. त्यात वय काढायची उदाहरणं असतात. वरच्या ओळीत आजची तारीख, खालच्या ओळीत जन्मतारीख, वर्षाखाली वर्ष, महिन्याखाली महिना, दिवसाखाली दिवस. उजवीकडून वजा करत यायचं. दिवस कमी पडले तर शेजारून एक महिना उसना घ्यायचा, महिने कमी पडले तर एक वर्ष मोडून बारा महिने करायचे. पोरांना स्वतःचं वय काढायला लावण्यात अर्थ नव्हता, कारण सगळ्यांचं उत्तर एकच आलं असतं. म्हणून मी पुस्तकातल्याच गोविंदा-गोपाळांची वयं काढायला द्यायची.

एकदा नलूनं हात वर केला. "बाई, महिना उसना घेतला तं तो तीसचा धरायचा का एकतीसचा?"

पुस्तकात सरळ तीस दिलेलं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न विचारणारी ती एकटीच. मी म्हटलं, "खरं वय काढायचं असेल तर आधीचा महिना पाहायचा. तो जितक्या दिवसांचा, तितके घ्यायचे."

"मंग पुस्तकातला गोपाळ एक दिवसानं चुकला," ती म्हणाली, आणि वर्ग हसला.

अशी पोर. सातवीनंतर बापानं घरी बसवली. "शिकून कोनाचं भलं झालं?" असं म्हणाला. मी दोनदा घरी गेले, भांडले. रूपराव ऐकून घ्यायचा, चहा पाजायचा आणि तेच करायचा जे करायचं ठरलेलं असायचं. दगडावर पाणी ओतावं तसं.

पुढची पाच वर्षं नलू वाडीत राबली. वाडीतलं इंजिन, फवारणीचा पंप बिघडला की आष्टीहून ताराचंद यायचा. चोवीस-पंचवीसचा पोरगा, हातात कला, जात वेगळी, आगापिछा फक्त एक बहीण, तीही तिकडे गिरडला दिलेली. काय झालं ते सांगायला नको. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात रूपरावांना कळलं. बैल हाकायच्या तुतारीनं, त्या आरीच्या काठीनं, त्यानं पोरीला अशी झोडली की आठ दिवस तिला पाठ टेकवता येईना. आणि लगेच तिच्यासाठी एक बिजवर पाहिला, दोन लेकरांचा बाप. गणपतीतल्या महालक्ष्म्या उठल्या की सुपारी फोडायची ठरली.

आनंदाबाई एका वकिलाच्या घरी भाजी द्यायची. तिथल्या वकीलीणबाईंना तिनं विचारलं, पोरीला आपल्या मनानं राहायचं असेल तर वय किती लागतं? त्या म्हणाल्या, अठरा पुरी पाहिजेत, मग बापाचंही चालत नाही. आनंदाबाईनं घरी येऊन बोटं मोजली. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला अठरा पुरी होत होती. हिशोबात कुठं चूक नव्हती. तिनं स्वतः नलूला सांगितलं, त्या दिवसापर्यंत दम धर, त्याच्या आधी पाय बाहेर काढू नको. ज्या बाईनं जन्मात नवऱ्यासमोर मान वर केली नाही, तिनं कायदा सांभाळून लेकीला पळवायचं ठरवलं. कायदा सांभाळून!

मी तेव्हा माझ्या बहिणीकडे बोरगाव मेघेला गेले होते. मागून कळलं. सत्तावीस ऑगस्ट, सोमवार. दुपारी आईनं नलूला न्हाऊ घातलं, ओवाळलं, गूळ दिला. "अठरा झाले माय," म्हणाली. संध्याकाळी पोट्टे सजवलेले लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागत निघाले, सगळं गाव चावडीपाशी जमलं, आणि त्या गर्दीतून नलू पिशवी घेऊन सडकेला लागली. ताराचंद तिथं थांबलेला होता. दोघं गिरडला बहिणीकडे गेले.

रूपरावांनी दुसऱ्या दिवशी रपट लिहवली. गणपती बसले त्या दिवशी पोलिसांनी दोघांना गिरडहून आणलं. शुक्रवारी सकाळी मला ठाण्यातून बोलावणं आलं, शाळेचं रजिस्टर घेऊन या.

ठाण्यात गेले तर ताराचंद भिंतीशी उकिडवा बसलेला, ओठ सुजलेला. नलू बाकावर, शेजारी आनंदाबाई. नलूनं नवं हिरवं पातळ नेसलेलं, गळ्यात काळी पोत. मला पाहून हसली. भ्यालेली नव्हतीच मुळी. उलट मला म्हणते, "बाई, तुमी उगीच तरास घेतला. मी सांगतलं साहेबाले, माह्ये अठरा पुरे झाले त्या दिवशीच निंघालो म्हून. हिशोब करूनच निंघालो." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, निंघालो, आलो. त्या "हिशोब करूनच"मध्ये केवढा विश्वास होता.

फौजदार नवा होता, तरुण, तसा वाईट नव्हता. समोर रूपराव उभा होता आणि टेबलावर नलूचा शाळेचा दाखला होता. त्यानं पेटीतून काढून आणलेला. फौजदारानं माझ्या रजिस्टराशी ताडून पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "जन्म पंधरा सप्टेंबर एकोणीसशे सहासष्ट. बरोबर?"

मी म्हटलं, "बरोबर."

"मुलगी घरून निघाली सत्तावीस ऑगस्टला. जमादार, वय काढा."

जमादार बापूराव, पोट सुटलेला, बरीच वर्षं ठाण्यात लेखणी घासलेला माणूस. त्यानं कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "अठरालेच आलं साहेब, जवळजवळ," म्हणाला. फौजदार वैतागला. त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. "बाई, तुम्ही शिक्षिका आहात. तुम्हीच काढा."

मी पेन उचललं. वर चौऱ्याऐंशी, आठ, सत्तावीस. खाली सहासष्ट, नऊ, पंधरा. आठातून नऊ जात नाहीत. मी नलूकडे पाहिलं. तिला कागद दिसत नव्हता, पण फौजदारानं वाचलेली तारीख तिनं ऐकली होती. तिची बोटं मांडीवर हलत होती. सातवीत हलायची तशीच. मग ती थांबली.

"सतरा वर्षं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "अकरा महिने. बारा दिवस."

मी वजाबाकी पुरी केली. तेच आलं. दुसरं काय येणार?

आनंदाबाईला काही कळेना. ती एकीकडून दुसरीकडे पाहायला लागली. "काय झालं वो बाई? काऊन सतरा? साहेब, म्या अठरा तान्हे पोळे मोजले. एक बी कमी नाई. देवाची आन."

फौजदार म्हणाला, "मावशी, तुमचं मोजणं बरोबर असेल. पण कायद्यात वर्ष म्हणजे इंग्रजी वर्ष. पंधरा सप्टेंबर उजाडेपर्यंत पोरगी अज्ञान. तिची मर्जी असो नसो, तिला बापाच्या ताब्यातून नेणं हा गुन्हा. याच्यावर तीनशे त्रेसष्टची केस लागते."

ताराचंद पहिल्यांदाच बोलला. "साहेब, आमाले ठाऊक असतं तं वीसेक दिस थांबलो नसतो का?"

खरंच तर. हौस होती का कुणाला घाईची?

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, "साहेब, या बाईच्या पंचांगानं पोरगी पूर्ण अठराची आहे. लग्न-मुंज, श्राद्धपक्ष सगळं आपण तिथीनंच करता ना? मग जन्मच तेवढा तिथीचा का नाही?"

"बाई, मला शिकवू नका," तो म्हणाला, पण रागानं नाही. "मी तरी काय करू? लिहिलेली तारीख आहे."

आनंदाबाई उठून माझ्याजवळ आली. माझा हात धरला. साऱ्या ठाण्यासमोर म्हणाली, "बाई, तुमी सगळ्याइले एक जुलै देता. कुसुमबाईच्या पोरीले देली, पाटलाच्या पोराले देली. माह्या पोरीले बी एक जुलै द्या ना. काय जाते तुमचं?"

एक जुलै सहासष्ट असती, तर दोन महिने आधीच पोर अठराची झाली असती. तिच्या वर्गातली प्रत्येक पोरगी त्या दिवशी कायद्यानं अठराची होती. खोट्या तारखेच्या सगळ्या सुटल्या आणि खरीवाली अडकली. दाखला टेबलावर होता, रजिस्टर उघडं होतं, शाई बारा वर्षांची जुनी. मी तिचा हात दाबला आणि रडले. ठाण्यात रडले, मास्तरीण असून.

रूपरावांनी दाखला उचलला, घडी घातली, खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात नेलं. मी शाळा बुडवून गेले. न्यायाधीश साहेबांनी नलूला विचारलं, कुठं जायचं? ती म्हणाली, "साहेब, मले वर्ध्याच्या कोन्या आश्रमात ठेवा, जेलात ठेवा, पन घरी नोका पाठवू. बाप मले मारून टाकीन."

रूपरावांनी हात जोडले. अंगाला बोट लावणार नाही, म्हणून लिहून दिलं. अंगठा नाही, सही केली, लपेटदार. आई घरात आहे, बाप हमी देतो, आणि राहिलेच किती दिवस? न्यायाधीश साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मुली, चौदा दिवसांचा प्रश्न आहे. चौदा दिवस आईवडिलांकडे राहा. मग तू तुझ्या मर्जीची मालकीण."

कोर्टातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. चौदा दिवस म्हणजे काय, गणपती उठले की पाच-सहा दिवसांत सरले. मलासुद्धा क्षणभर तसंच वाटलं. ताराचंदला वर्ध्याच्या जेलात पाठवलं.

बाहेर पायऱ्यांवर रूपरावांनी फौजदाराला गाठलं. मी मागेच होते, कानांनी ऐकलं. "साहेब, म्हंजे पंधरा तारखेले थे मोकळी?"

"पंधरा तारीख सुरू झाली की मोकळी. मग तू अडवू शकत नाहीस."

"पंधरा सुरू झाली की," रूपराव म्हणाला. मान हलवली. "बरं."

भाजीचा भाव ऐकून घ्यावा तसं म्हणाला तो.

महालक्ष्म्या बसल्या तेव्हा हळदीकुंकवाच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी गेले. आनंदाबाईच्या कपाळावर खोक होती. "चौकट लागली," म्हणाली. नलू मागच्या खोलीत, बाहेरून कडी. रूपराव ओसरीवरच बसलेला, त्यानं मला आत सोडलं नाही. मी मोठ्यानं भांडले, म्हटलं लिहून दिलंय तुम्ही कोर्टात! तो म्हणाला, "बोट लावलं का म्या तिले? पुसा. खाते, झोपते. जनाची लाज हाये, म्हून कडी लावली."

मी घराला वळसा घालून मागे गेले. खिडकीला गज होते. नलू गजांशी आली. चेहरा उतरलेला पण डोळे कोरडे.

"बाई, आता इंग्रजीनंच मोजून राह्यली," म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. "मायच्या हिशोबानं मी सज्ञान, सरकारच्या हिशोबानं अज्ञान. पंधराले दोनी हिशोब जुळतीन."

"धीर धर पोरी."

"मी धरीन वो. बाबा बी मोजून राह्यला बाई. रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभा राह्यते. आमच्या घरात कॅलेंडर नव्हतं, आता आनलं."

मी तशीच पहिल्या एस्.टी.नं ठाण्यात गेले. बापूरावाला सांगितलं, फौजदाराला सांगितलं, त्या पोरीच्या जिवाला धोका आहे, तिला काढा तिथून. फौजदार म्हणाला, बापानं हमी दिली आहे, कोर्टाचा हुकूम आहे, मारहाण झाल्याची तक्रार आहे का? नाही. मग मी काय करू? आणि वर मला धीर देतो, "बाई, आठवडा-दीड आठवडा तर राहिला." ज्याचं जळतं त्याला कळतं. यांना काय, यांची कोण होती ती.

गणपती बुडाले. मंगळवारी, अकरा सप्टेंबरला, शाळा भरायच्या आधीच नत्थू कोतवाल धावत आला. "बाई, रूपरावची पोट्टी हिरीत सापडली."

वाडीतली ती विहीर मी कितीदा पाहिलेली. छातीपर्यंत कठडा, वर रहाट. तिथं पाणी काढताना इतक्या वर्षांत कुणाचं मांजरही पडलं नव्हतं. आणि जिच्या खोलीला बाहेरून कडी, ती पहाटे, हे म्हणतात तसं, पाणी काढायला गेली कशी? हे मी तिथं सगळ्यांसमोर विचारलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पंच म्हणून उभे केलेले दोघे रूपरावांच्याच भावकीतले. एक म्हणाला पाय घसरला, दुसरा म्हणाला पाय घसरला. शेवटी सरकारदरबारीही पायच घसरला, आणि फाइल बंद झाली. मी जबाब दिला होता. तो कुठं गेला देव जाणे. मी पायरीवरचं "बरं" ऐकलं होतं, पण "बरं" हा काय पुरावा आहे?

नलूला निंबाखाली ठेवलं होतं. तेच हिरवं पातळ, ओलं, अंगाला चिकटलेलं. आनंदाबाई तिचे केस पिळत होती. रडत नव्हती. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "अठरा झाले होते माय तुले. म्या मोजले होते. अठरा झाले होते." कुणी तिला उठवायला गेलं की झिडकारायची. मी तिच्याशेजारी बसले. मी नलूच्या पायावरचा चिखल पदरानं पुसला.

बापूराव जमादार बंडीच्या धुरेवर बसून पंचनामा लिहीत होता. लिहिताना मोठ्यानं पुटपुटायची त्याची सवय. "मयताचं नाव, नलू रूपराव. राहणार मौजे अमुक. लिंग, स्त्री. वय... वय अंदाजे अठरा."

मी उठले. कशी उठले मला माहीत नाही.

"काय लिहिलंत?"

"काय झालं बाई?"

"वय काय लिहिलंत?"

"अंदाजे अठरा. असंच लिवतात, बाई. तीन-चार दिवसाचा तं फरक."

"अंदाजे!" माझा आवाज साऱ्या वाडीत गेला असेल. "तेव्हा अंदाज कुठं गेला होता तुमचा? ठाण्यात पोरीच्या आईनं पदर पसरला, तेव्हा एकोणीस दिवस तुमच्यातल्या कोणालाच सोडून देता आले नाहीत. कोर्टात चौदा सोडता आले नाहीत. आता ती मेली, तर सरकार तिला चार दिवस फुकट देतंय? खोडा ते. वजाबाकी करा."

फौजदार विहिरीच्या कडेला उभा होता. त्यानं मान वळवली, पण मला गप्प केलं नाही. बापूरावानं घाम पुसला, कागदाच्या कोपऱ्यात आकडे मांडले. वर चौऱ्याऐंशी, नऊ, अकरा. खाली सहासष्ट, नऊ, पंधरा. अकरातून पंधरा जाईनात. त्यानं एक महिना उसना घेतला.

"तीस आन् अकरा एकेचाळीस," तो पुटपुटला. "त्यातून पंधरा गेले, सव्वीस. इकडं नवाचे आठ राह्यले, आठातून नऊ जात नाईत, वीसातून नऊ, अकरा. सतरा वर्षं, अकरा महिने, सव्वीस दिवस."

"सत्तावीस," मी म्हटलं. "उसना महिना ऑगस्टचा. ऑगस्टला एकतीस असतात. तो एक दिवस तिचा आहे, बापूराव. त्या कोंडलेल्या खोलीत जगली ती तो. तो तरी खाऊ नका."

त्यानं खोडलं आणि नीट लिहिलं. सतरा वर्षे, अकरा महिने, सत्तावीस दिवस. मी ओळ वाचून घेतली.

रूपराव चिंचेच्या बुंध्याला टेकून उभा होता, डोकं खाली, हात मागे बांधलेले. बारा वर्षांपूर्वी हाच माणूस माझ्या टेबलापुढं पिवळी चिठ्ठी घेऊन उभा होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"रूपराव," मी म्हटलं, "लागली बघा तुमच्या लेकराची तारीख. अगदी खरी लागली."

निंबाखाली आनंदाबाई अजून मोजतच होती.